फळ्याच्या फोटोतील वेन आकृती आणि चौतीस विद्यार्थी

फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात अकरावीच्या वर्गाची छंदांची नोंद घेतली गेली, फळ्यावर तिची वेन आकृती काढली गेली आणि फळा पुसण्यापूर्वी मोबाईलवर तिचा फोटो काढून ठेवला गेला, असे समजू. वर्गात ४० विद्यार्थी आहेत आणि एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे फुटबॉल, नाटक व भजन अशा नावांची आहेत. यांपैकी किमान एक तरी छंद असलेले विद्यार्थी किती, हे आपल्याला केवळ त्या फोटोवरून काढायचे आहे.

तीन वर्तुळांमुळे फळ्याचे आठ भाग पडतात, त्यांतील सात वर्तुळांच्या आत आणि एक बाहेर. फोटोत फक्त फुटबॉलच्या भागात ९, फक्त नाटकाच्या भागात ६ आणि फक्त भजनाच्या भागात ५ असे आकडे दिसतात. फुटबॉल आणि नाटक यांच्या सामाईक पाकळीत ४, नाटक आणि भजनाच्या पाकळीत ३, फुटबॉल आणि भजनाच्या पाकळीत ५, तर तिन्ही वर्तुळे जिथे एकत्र येतात त्या मधल्या भागात २ आहे. वर्तुळांबाहेर, चौकटीच्या कोपऱ्यात, ६ लिहिलेले आहे.

हे आकडे त्या-त्या भागापुरतेच असतील, तर कोणतेही सूत्र लागत नाही. प्रत्येक विद्यार्थी आठांपैकी एकाच भागात बसतो, त्यामुळे आतल्या सात भागांची बेरीज करायची: ९ + ६ + ५ + ४ + ३ + ५ + २ = ३४. बाहेरचे ६ मिळवले की ४० होतात, म्हणजे वर्गाची पटसंख्या जुळते. ही पडताळणी मला उत्तराइतकीच मोलाची वाटते.

मात्र ९ हा आकडा फक्त फुटबॉल आवडणाऱ्यांचा आहे की फुटबॉल आवडणाऱ्या सर्वांचा, हे फोटो स्वतःहून सांगत नाही. त्याचा निकाल आकृतीतच लागतो. फुटबॉलच्या वर्तुळात ४, ५ आणि २ मिळून ११ विद्यार्थी इतर छंदांसह आधीच आहेत, आणि संपूर्ण वर्तुळाची संख्या तिच्या एका हिश्श्याहून कमी असू शकत नाही. म्हणून ९ ही एकूण संख्या नव्हे, तर एकूण फुटबॉलप्रेमी ९ + ४ + ५ + २ म्हणजे २० आहेत. त्याच रीतीने नाटकाचे १५ आणि भजनाचेही १५ येतात.

पाठ्यपुस्तकातील सूत्र या एकूण संख्यांसाठी आहे: तिन्ही संचांची बेरीज करावी, त्यातून दोन-दोन संचांचे छेद वजा करावेत आणि शेवटी तिन्ही संचांचा छेद मिळवावा. येथे बेरीज ५० येते, कारण दोन छंद असलेला विद्यार्थी दोनदा आणि तिन्ही छंद असलेला तीनदा मोजला गेला आहे. नेमकी चूक पुढच्या पायरीवर होते. पाकळ्यांतील ४, ३ आणि ५ हेच छेद समजून वजा केले, तर ५० − १२ + २ = ४० असे उत्तर मिळते आणि ते पटसंख्येशी जुळल्यामुळे बरोबर भासते. परंतु मग एकही विद्यार्थी बाहेर उरायला नको, आणि फोटोत तर बाहेर ६ स्पष्ट दिसतात. फुटबॉल आणि नाटक या दोन संचांच्या छेदात पाकळीतील ४ आणि मधले २ असे दोन्ही येतात, म्हणून तो ६ आहे. उरलेले छेद ५ आणि ७ आहेत. आता ५० − १८ + २ = ३४. चुकीच्या उत्तरात आलेले जादा ६ म्हणजे मधले २ विद्यार्थी, जे तीन छेदांतून तीन वेळा वजा व्हायचे राहून गेले होते.

फोटोचे स्वतःचेही काही घोटाळे असतात. फळ्यावरचे आकडे इंग्रजी लिपीत असतील, तर खडूने लिहिलेल्या चाराचे डोके मिटताच तो नवासारखा दिसतो. फुटबॉल-नाटकाच्या पाकळीत तसे वाचले गेले, तर आठही भागांची बेरीज ४५ होते, म्हणजे पटसंख्येपेक्षा ५ जास्त, आणि ४ व ९ मधला फरकही नेमका ५ असल्याने संशय त्या आकड्यांवरच जातो. खिडकीतून आलेल्या उजेडाच्या चमकेत एखादाच आकडा पुसट झाला, तर तो वजाबाकीने परत मिळतो. उदाहरणार्थ, मधला आकडा दिसत नसेल, तर बाकी सात भागांची बेरीज ३८ असल्याने तो २ असलाच पाहिजे.

परंतु फोटो कडेने कापला जाऊन बाहेरचा आकडा निघून गेला आणि मधलाही वाचता आला नाही, तर हाती एवढेच उरते की त्या दोन्ही आकड्यांची बेरीज ८ आहे. आतील सहा भागांची बेरीज ३२ असल्यामुळे उत्तर ३२ ते ४० यांमधील कोणतेही असू शकते, आणि ते ठरवण्यासाठी वर्गात पुन्हा एकदा विचारावे लागते की तिन्हींपैकी काहीच आवडत नाही असे किती जण आहेत.