बेरीज चुकते कुठून? आकड्याआधीच्या अपॉस्ट्रॉफीची आणि न दिसणाऱ्या अक्षरांची पार्श्वभूमी

आमच्या सोसायटीत 24 सदनिका आहेत आणि दरमहा देखभाल खर्च प्रत्येकी 2,500 रुपये. सगळ्यांचे पैसे जमा झाले की बेरीज 60,000 यायला हवी. एका महिन्यात खजिनदारांच्या शीटमध्ये ती 47,500 आली. 24 ओळी भरलेल्या होत्या, प्रत्येकीत 2,500 दिसत होते. नजरेने तपासून काहीच सापडेना, आणि सापडणारही नव्हते, कारण चूक न दिसणाऱ्या अक्षरांत होती. ती अक्षरे तिथे का आली हे समजून घ्यायचे तर 1979 सालापर्यंत मागे जावे लागते.

त्या वर्षी डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट अ‍ॅपल टू संगणकावर आले. कुठल्या सेलमध्ये आकडा आहे आणि कुठल्यात मजकूर, हे त्या प्रोग्रामला ठरवायचे होते. त्यांनी नियम सोपा ठेवला: पहिली कळ ठरवेल. अक्षर दाबले तर पुढचे सगळे ‘लेबल’, अंक किंवा अधिक-उणे चिन्ह दाबले तर ‘व्हॅल्यू’. आकड्याने सुरू होणारा मजकूर लिहायचा असेल तर आधी दुहेरी अवतरणचिन्ह द्यायचे. सेलच्या नावाने सुरू होणाऱ्या सूत्रालाही याच नियमामुळे आधी `+` लागे, नाहीतर ते लेबल ठरे. जुन्या हिशेबनिसांच्या शीटमध्ये आजही `=+D2` अशी सूत्रे दिसतात. बरोबरीचे चिन्ह असताना त्या अधिकची काहीच गरज नाही, पण बोटांना लागलेली सवय पिढ्यांमागून पिढ्या चालत आली.

1983 च्या जानेवारीत लोटस 1-2-3 बाजारात आले. पहिल्या कळीचा नियम त्याने कायम ठेवला. टंकायला सुरुवात करताच पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात `READY` जाऊन `VALUE` किंवा `LABEL` येई. त्यामुळे ‘12, शिवाजी रस्ता’सारखा पत्ता लिहायला गेले की अडचण: पहिला अंक पाहून प्रोग्राम तो आकडा समजे आणि पुढचा मजकूर पाहून नोंद नाकारे. उपाय म्हणून लेबलला उपसर्ग देण्याची सोय होती. `'` दिले की मजकूर डावीकडे, `"` दिले की उजवीकडे, `^` दिले की मधोमध; आणि `\-` लिहिले की सेलभर रेघ. म्हणजे अपॉस्ट्रॉफी हे त्या काळी मुख्यतः मजकूर कुठे टेकवायचा हे सांगणारे चिन्ह होते. ‘हा आकडा नाही’ हा अर्थ त्यातून आपोआप निघे.

एक्सेल 1985 साली मॅकिंटॉशवर आणि 1987 साली विंडोजवर आले, तेव्हा त्याला लोटसचे वापरकर्ते आपल्याकडे वळवायचे होते. म्हणून अपॉस्ट्रॉफीचा उपसर्ग त्यानेही मानला. पण साठवण्याची पद्धत वेगळी आहे, आणि घोळ तिथेच होतो. एक्सेलमध्ये हे चिन्ह मजकुराचा भाग नसते. ते सूत्रपट्टीत दिसते, पण `LEN` त्याला मोजत नाही, आणि शोधून बदलायला गेलात तर एक्सेल काहीच सापडले नाही असे सांगते. आजच्या `.xlsx` फाइलच्या पोटात पाहिले तर ते `quotePrefix="1"` असे सेलच्या शैलीत, म्हणजे रंग आणि ठळकपणाच्या शेजारी नोंदलेले असते. जे चिन्ह अक्षर म्हणून तिथे नाहीच, ते अक्षर म्हणून पुसणार कसे?

ही सगळी पद्धत एका गोष्टीवर उभी आहे, आणि माझ्या मते लोक अडतात ते नेमके इथे. सेलमधला माल आकडा की मजकूर, हे तो आत येतानाच, दारावर ठरते. नंतर फॉरमॅट बदलणे म्हणजे आत आलेल्याचे कपडे बदलणे. म्हणून मजकूर झालेल्या 2500 ला `Number` फॉरमॅट दिले तरी तो मजकूरच राहतो. त्याला पुन्हा दारातून आणावे लागते. F2 दाबून, सुरुवातीला अपॉस्ट्रॉफी असेल तर पुसून, एंटर केले की एका सेलपुरते तेच होते. `Data` मेनूतले `Text to Columns` उघडून लगेच `Finish` दाबले की अख्ख्या रकान्याला हाच प्रवास पुन्हा घडतो. रिकाम्या सेलमध्ये 1 लिहून, तो कॉपी करून, `Paste Special` मधून `Multiply` करण्याची जुनी युक्तीही गुणाकाराच्या निमित्ताने मूल्य नव्याने बनवून घेते. 2002 च्या एक्सेलमध्ये सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण आला आणि ‘मजकूर म्हणून साठवलेला आकडा’ पहिल्यांदा डोळ्यांना दिसू लागला. त्यावरून `Convert to Number` करता येते.

पण खजिनदारांच्या शीटमध्ये पाचच सेल चुकीचे होते आणि त्यांपैकी दोनच सेलवर हिरवा त्रिकोण होता. उरलेल्या तिघांचा उगम लोटसमध्ये नव्हता, वेबपानांत होता.

1987 च्या आयएसओ 8859-1 या अक्षरसंचात 160 क्रमांकावर एक खास मोकळी जागा ठेवली गेली: जिच्याशी ओळ तुटू नये अशी. एचटीएमएलमध्ये तीच ` ` झाली. ब्राउझर साध्या मोकळ्या जागा एकीत गुंडाळतो, पण हिला हात लावत नाही. जुने ब्राउझर तक्त्यातल्या रिकाम्या चौकटीची कड काढत नसत, म्हणून पाने बनवणारे प्रत्येक चौकटीत एक ` ` टाकून ठेवत. बँकेच्या पानावरून तक्ता उचलून शीटमध्ये चिकटवला की ती आकड्याला चिकटूनच येते. एक्सेलला ‘2,500.00’ पुढे ही जागा दिसली की तो आकडा म्हणून ओळखता येत नाही, आणि म्हणून इशाऱ्याचा त्रिकोणही येत नाही. `TRIM` इथे निरुपयोगी आहे, कारण ते फक्त 32 क्रमांकाची साधी जागा कापण्यासाठी बनवलेले आहे. `CLEAN` सुद्धा फक्त 0 ते 31 क्रमांकांची जुनी नियंत्रणचिन्हे काढते. ही दोन्ही फंक्शने सात बिटांच्या, म्हणजे 0 ते 127 क्रमांकांच्या जगातली आहेत. त्यांच्यासाठी 160 हे एक साधे अक्षर आहे.

त्याहून पुढची भर युनिकोडची. त्यात शून्य रुंदीची अक्षरे आली, जसे 8203 क्रमांकाची शून्य रुंदीची मोकळी जागा. गप्पांच्या अ‍ॅपमधला किंवा एखाद्या पानावरचा आकडा कॉपी करताना असे अक्षर सोबत येऊ शकते आणि त्याचा कणभरही ठसा पडद्यावर पडत नाही.

आता त्या शीटची तपासणी. पहिला प्रश्न: किती सेल खरे आकडे आहेत? `COUNTA` ने 24 सांगितले आणि `COUNT` ने 19. `COUNT` फक्त आकडे मोजते, म्हणजे पाच मजकूर आहेत. 5 गुणिले 2,500 म्हणजे 12,500, आणि 47,500 मध्ये नेमकी तेवढीच तूट. `SUM` रकान्यातला मजकूर मुकाट्याने सोडून देते, म्हणून चूक दाखवली गेली नाही, फक्त उत्तर कमी आले. हाच हिशेब `=D2+D3+…` असा लिहिला असता तर अपॉस्ट्रॉफीवाल्या सेलना एक्सेलने आकडा मानून घेतले असते आणि बाकीच्यांवर `#VALUE!` दाखवून अडले असते.

दुसरा प्रश्न: मजकुरात नेमके काय लपले आहे? त्यासाठी लांबी मोजायची आणि शेवटचे अक्षर विचारायचे.

```
=LEN(D9)
=UNICODE(RIGHT(D9,1))
```

दोन सेलची लांबी 4 आली. 2500 ला चारच अंक, म्हणजे आत परके अक्षर नाही, तो उपसर्ग. दोन सेलमध्ये दिसत होती ‘2,500.00’ ही आठ अक्षरे आणि लांबी आली 9, शेवटचे अक्षर 160. पाचव्यात 2500 ची लांबी 5 आणि शेवटी 8203. उपसर्गवाले दोन `Text to Columns` ने सुटले. उरलेल्या तिघांसाठी शेजारच्या रकान्यात हे सूत्र:

```
=NUMBERVALUE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(D9,UNICHAR(160),""),UNICHAR(8203),""),".",",")
```

`NUMBERVALUE`, `UNICODE` आणि `UNICHAR` ही तिन्ही एक्सेल 2013 पासूनची. दशांशचिन्ह कोणते आणि गट पाडणारे चिन्ह कोणते हे सूत्रातच सांगितल्यामुळे संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर उत्तर अवलंबून राहत नाही. आलेली मूल्ये `Paste Special` मधल्या `Values` ने मूळ जागी बसवली. `COUNT` 24 झाले, बेरीज 60,000.

या सूत्रात एक धोका आहे. रिकामा मजकूर दिला तर `NUMBERVALUE` शून्य देते. ज्याने पैसे भरलेच नाहीत त्याच्या पुढे 0 येतो आणि सरासरी काढली तर ती खाली जाते. म्हणून रिकाम्या ओळी आधी वेगळ्या काढाव्यात.

अपॉस्ट्रॉफीचा आणखी एक अवतार अलीकडचा आहे. बाहेरून आलेला मजकूर `=`, `+`, `-` किंवा `@` ने सुरू होत असेल तर स्प्रेडशीट त्याला सूत्र समजून चालवू शकते. त्या हल्ल्यापासून बचाव म्हणून अनेक प्रणाली सीएसव्ही फाइल बनवताना अशा मजकुराआधी `'` लावतात. परतावा म्हणून नोंदलेले -500 त्यामुळे `'-500` होऊन येते. फाइल उघडताना हे चिन्ह उपसर्ग मानले जात नाही, ते सेलमध्येच दिसते, `LEN` त्याला मोजते (इथे 5) आणि `SUBSTITUTE` ते काढू शकते. दिसायला तेच चिन्ह, पण उपचार अगदी उलटा. म्हणून लांबी मोजल्याशिवाय पुसायला बसू नये.

सगळेच रकाने आकडे करायचे नसतात, हेही तितक्याच काळजीने पाहावे लागते. 004512 हा धनादेश क्रमांक आकडा झाला की 4512 होतो. एक्सेल 15 अंकांपर्यंतच अचूक असते, त्यामुळे 16 आकडी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो आणि मूळ अंक परत मिळत नाही. तिथे तो उपसर्ग हवाच.

आणि नावांचा रकाना. शून्य रुंदीची सगळी अक्षरे अख्ख्या शीटमधून एकदम काढून टाकणारी सूत्रे फिरत असतात. त्यांत 8205 क्रमांकाचे जोडणारे अक्षरही असते. मराठीत अनेक जुन्या कीबोर्डांवर ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ लिहिताना साध्या र आणि हलंतानंतर हेच न दिसणारे अक्षर घातले जाते. ते काढले की ‘कऱ्हाडे’ यांचे ‘कर्हाडे’ होतात, आणि पावत्यांच्या शीटमधून `VLOOKUP` ने त्यांची रक्कम शोधली तर `#N/A` मिळते. आमच्या खजिनदारांनी सफाई D रकान्यापुरतीच केली.