ओंबी झडायची थांबली आणि माणूस अडकला

परवा फॅमिली ग्रुपवर एका काकूंनी खपली गव्हाचा फॉरवर्ड टाकला. दहा हजार वर्षांपूर्वीचा गहू, ग्लूटेन अजिबात नाही, डायबिटीस पळून जातो वगैरे. ग्लूटेनचं सरळ खोटं आहे, खपलीत ग्लूटेन असतं आणि ज्याला सिलिॲकचा त्रास आहे त्याने ती खाऊ नये. पण दहा हजार वर्षांचं मात्र बऱ्यापैकी खरं आहे! माणसानं सगळ्यात आधी जी पिकं हाताशी धरली त्यात खपलीचा नंबर अगदी वर लागतो, आणि हे झालं तुर्कस्तानचा आग्नेय भाग, सीरिया, इस्राएल, जॉर्डन या पट्ट्यात.

शाळेत आपण शिकलो की माणूस भटकत होता, मग शेतीचा शोध लागला, म्हणून तो एका जागी राहायला लागला. हा क्रम जरा उलटाय. उत्तर इस्राएलमध्ये ऐन मल्लाहा नावाची जागा आहे, तिथं शेतीच्या कितीतरी आधी लोकांनी जमिनीत अर्धी खोल अशी गोल दगडी घरं बांधलेली. ती माणसं बाराही महिने तिथंच राहायची हे कशावरून? तर उंदरांवरून! माणूस कायम राहिला की सांडलवंड खायला घरातला उंदीर येतो आणि रानातल्या उंदराला हुसकावतो, माणूस हलला की रानातला परत जोर धरतो. या भागातल्या उत्खननांत सापडलेल्या उंदरांच्या बारक्या दाढा मोजून ही ये-जा काढलीय, आणि घरातला उंदीर १५,००० वर्षांपूर्वीच हजर आहे.

मग ही माणसं खात काय होती? हरणं, फळं, आणि रानगहू. जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात तुर्कस्तानात डोंगरावरचा रानगहू गारगोटीच्या पात्याच्या विळ्यानं कापून बघितला, तासाला साधारण किलोभर स्वच्छ दाणा मिळाला. त्याचा हिशोब असा की एक कुटुंब तीन आठवड्यांच्या सुगीत वर्षभर खाऊन उरेल इतकं धान्य गोळा करेल. आता हे धान्य डोक्यावर घेऊन कोण भटकणार? साठवलं की राखायला बसावं लागतं, वर दळायचे दगड जड. म्हणजे बूड आधी टेकलं ते साठवणीमुळे.

आता माझा आवडता भाग, थोडा धीर धरा.

रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा मधला दांडा पेराला पेराला तुटतो आणि एकेक कणसुलं कुसळासकट खाली पडतं. कुसळं दिवसाच्या कोरड्या हवेत फाकतात, रात्रीच्या दमटपणात मिटतात, आणि या हालचालीनं दाणा स्वतःच मातीत घुसतो. झाडाच्या दृष्टीनं एकदम फर्स्टक्लास, कापणाऱ्याच्या दृष्टीनं वैताग. सोयाबीन काढायला चार दिवस उशीर झाला की शेंगा तडकून दाणे रानात पडतात ना, तेच.

पण अधूनमधून एखाद्या रोपात जनुकाची चूक होते आणि दांडा तुटतच नाही. बार्लीत ही चूक नेमकी कुठं आहे ते सापडलंय, शेजारी शेजारी दोन जनुकं आहेत, एकात डीएनएचं एक अक्षर गळालंय किंवा दुसऱ्यात अकरा, दोन्हीपैकी काहीही एक झालं तरी ओंबी शाबूत राहते. रानात असं रोप मरायचंच, कारण त्याचं बी मातीत पोचत नाही. पण माणूस विळा घेऊन आला की डाव फिरतो.

समजा पेरणीच्या बियाण्यात शंभरात एक दाणा न झडणाऱ्या जातीचा आहे. कापणीपर्यंत साध्या ओंब्यांतले निम्मे दाणे गळून गेले, न झडणाऱ्यांतला एकही गेला नाही. घरी आलेल्या धान्यात आता शंभरात दोन झाले. त्यातलंच बियाणं पुढच्या वर्षी पेरलं की चार, मग सात-आठ, आणि सातव्या वर्षी निम्म्याहून जास्त. कोणी निवड केली नाही, कोणाला पत्ता नाही, आणि पीक बदललं. गहू-बार्लीत परागीभवन बहुतेक त्याच फुलात होतं, त्यामुळं ही जात दुसऱ्यात मिसळून विरघळतही नाही.

या हिशोबानं सगळं एका पिढीत उरकायला हवं होतं. प्रत्यक्षात हजार-दोन हजार वर्षं लागली. हे कसं कळतं, तर जळून कोळसा झालेली कणसुली मायक्रोस्कोपखाली बघतात. आपोआप तुटलेल्याचा व्रण गुळगुळीत असतो, मळणीत मोडलेल्याचा खडबडीत. आणि जुन्याकडून नव्या थरांकडे येताना खडबडीत व्रण हळूहळूच वाढत जातात.

एवढा उशीर का? कारण वरच्या हिशोबात अटी लपल्यात. लोकांनी गळती टाळायला ओंबी हिरवट असतानाच कापली, तर दोन्ही जातींचं सगळंच घरी येतं, न झडणाऱ्याला काही फायदा नाही. टोपलीत झोडपून दाणे पाडले तर उलट झडणाराच गोळा होतो. आणि परत त्याच जागेत पेरलं तर गेल्या वर्षी सांडलेलंही उगवतं. शिवाय पीक बुडालं की बियाणं संपायचं आणि लोक परत डोंगरावर जाऊन रानगहू आणायचे, म्हणजे पाटी कोरी.

पण एकदा न झडणारी ओंबी पक्की झाली की दोघंही अडकले, कारण गहू आता माणसानं पेरल्याशिवाय उगवत नाही आणि माणसाला पेरणी सोडून जाता येत नाही. मजेत होते असंही नाही. सीरियातल्या अबू हुरेरा गावातल्या बायकांच्या पायाच्या अंगठ्यांची हाडं गुडघ्यावर बसून तासन्‌तास दळून झिजलेली सापडलीत. मग सोडून का नाही गेले? एका जागी राहिल्यावर मुलं लवकर लवकर व्हायला लागली, तोंडं वाढली, एवढ्यांना रान पुरत नव्हतं. त्यामुळं "पूर्वजांचा शुद्ध आहार" म्हणणाऱ्यांनी त्या अंगठ्यांचा फोटो एकदा बघावाच.

शहर मात्र लगेच आलं नाही. तुर्कस्तानात चाताल्ह्युयुकला सुमारे ९,००० वर्षांपूर्वी हजारो लोक घराला घर चिकटवून राहत, गल्ली नाही, छतावरून शिडीनं आत, पण राजवाडा नाही की कोठार नाही. प्रत्येकाचं धान्य प्रत्येकाच्या घरात. दक्षिण इराकमध्ये उरुकला इ.स.पू. ३३००च्या आसपास गोष्ट वेगळी झाली. पाऊस नाही, कालव्याशिवाय बार्ली नाही, आणि बार्ली एकदम पिकते, मोजता येते, टिकते, म्हणजे वसूल करायला सोपी. कंद जमिनीत लपवता येतात, पिकलेलं शेत कुठं लपवणार? तिथं साच्यात काढलेले ओबडधोबड वाडगे ढिगानं सापडतात, बहुतेक रोजचं रेशन मोजायला असावेत, आणि जगातली सगळ्यात जुनी लिखापढी याच धान्याच्या हिशोबाची आहे. कविता नंतर आल्या.

आणि प्रत्येक गावाचं शहर होतंच असं नाही. आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे, डेक्कन कॉलेजनं खणलेलं. इ.स.पू. १४०० नंतर तिथं बार्ली, चौकोनी घरं, पाट, कोठार, सगळं होतं. इ.स.पू. १०००च्या पुढं हवा कोरडी होत गेली, शेती घटली, आणि वरच्या थरांत चौकोनी घरांच्या जागी छोट्या गोल झोपड्या दिसतात, सोबत शेळ्यामेंढ्या आणि शिकारीची हाडं. इ.स.पू. ७००च्या सुमारास गाव रिकामं.