मूळव्याध व्हायच्या आधीही तिथे काहीतरी असतंच

मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात उतरताना एक जाहिरात काही पाठ सोडत नाही. कुणाच्या कुंपणावर, कुठे विजेच्या खांबावर: ‘मूळव्याध मुळापासून नष्ट’. वाचणाऱ्याला वाटतं, नको त्या जागी नको ते उगवलंय, ते उपटलं की झालं. पण मोड नव्याने उगवत नाही. ज्याचा मोड होतो ती गोष्ट आपल्या सगळ्यांच्या गुदमार्गात असते, अगदी तान्ह्या मुलाच्यासुद्धा.

गुदमार्ग जेमतेम तीन-चार सेंटीमीटर लांब. त्याला आवळून धरणारे स्नायू कडीसारखे गोल असतात आणि गोल कडी कितीही आवळली तरी मधे थोडी फट राहतेच. नळाची चावी घट्ट फिरवूनही वॉशर नसेल तर पाणी ठिबकतं, तसंच इथे झालं असतं. वॉशरचं काम करतात आतल्या अस्तराखालच्या मऊ गाद्या. बहुतेकांना मुख्य तीन असतात: एक डावीकडे, दोन उजवीकडे, पुढे आणि मागे. तिन्ही एकमेकींना टेकल्या की फट बुजते. स्वस्थ बसलेले असताना गुदमार्ग बंद ठेवणारा जो दाब असतो, त्यातला साधारण 15 ते 20 टक्के वाटा या गाद्यांचा.

मला यातली खरी गंमत वाटते ती गादीच्या आतल्या रचनेची. तिथे रक्ताच्या छोट्या छोट्या पोकळ्या आहेत आणि धमन्यांचं रक्त बऱ्याच ठिकाणी बारीक केशवाहिन्यांच्या जाळ्यातून न जाता थेट त्यांत उतरतं. खोकला आला, शिंक आली, जड टोपली उचलली की पोटातला दाब वाढतो, रक्त परत जायला अडखळतं आणि गादी फुगून दार आणखी घट्ट लावते. शौचाला बसलं की स्नायू सैलावतात, गादी रिकामी होते, वाट मोकळी. हे सगळं जागेवर धरून ठेवतात स्नायूंचे आणि संयोजी ऊतींचे बारीक धागे. हे स्नायू ट्राइट्झ यांच्या नावाने ओळखले जातात. गाद्या सर्वांनाच असतात आणि त्या खाली सरकल्या की मूळव्याध होते, हे डब्ल्यू. एच. एफ. थॉमसन या इंग्लिश शल्यविशारदांनी 1975 मध्ये नीट मांडलं. त्याआधी ‘शिरा फुगल्या’ एवढंच सांगितलं जाई, आणि अजूनही पुष्कळ जण तेच सांगतात.

समजा, हर्णैच्या ट्रॉलरवरचा चाळिशीचा खलाशी आहे. समुद्रावर भात आणि कालवण, भाजी नावाला, पिण्याचं पाणी मोजून. शौचाला खडा होतो, तो कुंथतो. कडक मळ दर वेळी अस्तराला खाली ओढतो. त्यात वयाच्या तिशीनंतर हे धागे विरायला लागलेलेच असतात. काही तुटतात आणि गादी थोडी खाली घसरते. घसरलेल्या गादीतलं रक्त धडपणे परत जात नाही, ती फुगते. फुगली म्हणून पुढच्या खेपेला जास्त घासली जाते. खरचटली की रक्त पडतं, तेही लालभडक, कारण ते धमनीतलं ताजं रक्त. इथवर पहिली पायरी. पुढे कुंथताना मोड बाहेर येतो आणि उठल्यावर आपसूक आत जातो. ही दुसरी पायरी. बोटाने आत सारावा लागला की तिसरी, आत जाईनासा झाला की चौथी.

एवढं रक्त जातं, पण दुखत नाही, म्हणून तो गप्प बसतो. गुदमार्गाच्या आत एक दातेरी रेषा असते. तिच्या वरच्या अस्तराला कापल्या-टोचल्याची जाणीव नाही, खालच्या त्वचेला भरपूर आहे. शौचाच्या वेळी चाकूने चिरल्यासारखं दुखत असेल तर बहुधा ती भेग, म्हणजे फिशर. अचानक निळसर, ठणकणारी गाठ आली तर बाहेरच्या शिरेत गुठळी झालेली असते. मात्र रक्त मळात मिसळलेलं, काळपट असेल, शौचाची सवय बदलली असेल किंवा वजन उतरत असेल, तर ‘मूळव्याधच असणार’ म्हणून घरी बसू नये. आतडं दुर्बिणीतून बघावं लागतं.

कमरेला बांधायच्या मुळीने तुटलेले धागे सांधत नाहीत, हे वेगळं सांगायला नको. तिखट कालवण जाता जाता आग करील, पण गादीला खाली ओढतो तो कडक मळ. म्हणून सुरुवात पालेभाजी, इसबगोल, पुरेसं पाणी आणि संडासात मोबाईल घेऊन न बसण्यापासून. पहिल्या-दुसऱ्या पायरीला बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं.

नाहीच भागलं तर डॉक्टर दातेरी रेषेच्या वर, मोडाच्या बुडाशी रबराचं बारीक कडं चढवतात. रक्तपुरवठा तुटलेला तुकडा आठवड्याभरात गळून पडतो, तिथे व्रण धरतो आणि उरलेली गादी पुन्हा वर चिकटते. कडं रेषेखाली बसलं तर रुग्ण लगेच कळवळतो आणि ते तिथल्या तिथे काढावं लागतं. मोठ्या मोडांची शस्त्रक्रिया करतानाही दोन जखमांच्या मधली अस्तराची पट्टी शाबूत ठेवतात. ती गेली तर व्रण आवळत जाऊन दारच अरुंद होतं.