एलसीवर पहिल्यांदा माल मागवताय? बँकेचं पत्र येण्याआधी हे वाचा

महापे, रबाळे, वागळे इस्टेटकडून आमच्याकडे येणारी बरीच मंडळी एलसी, म्हणजे कागद बरोबर असले तर विक्रेत्याला पैसे देण्याची आपल्या बँकेची हमी, उघडली की निर्धास्त होतात, आणि मग बँकेकडून डिस्क्रेपन्सीचं, म्हणजे कागद एलसीशी जुळत नसल्याचं, पत्र आलं की फोनवर फोन. म्हणून एकच उदाहरण घेऊन सांगतो, आकडे समजण्यापुरते धरलेत.

समजा रबाळेतल्या कारखान्याने चीनमधल्या निंगबोहून 60,000 डॉलरचं मोल्डिंग मशीन मागवलं. एलसीच्या कॉपीत 42C या रकान्यासमोर लिहिलंय 90 DAYS FROM B/L DATE. हा झाला युझन्स, म्हणजे पैसे लगेच नाही, 90 दिवसांनी. पण 90 कधीपासून? माल न्हावा शेवाला उतरल्यापासून नाही, तुमच्या दारात आल्यापासून तर नाहीच, बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या मालाच्या पावतीच्या, तारखेपासून, आणि तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं. बीएल 10 मार्चचं असेल तर 11 मार्च हा पहिला दिवस, पैसे 8 जूनला. जहाजाचा प्रवास आणि कस्टम क्लिअरन्स यात जितके दिवस जातात ते तुमच्याच उधारीतून जातात, त्यामुळे "तीन महिने मिळाले" असं धरून पैशाचं गणित मांडू नका. शिवाय देणं डॉलरमध्ये आहे, डॉलरचा भाव आधीच पक्का करणारं फॉरवर्ड कव्हर घ्यायचं का ते बँकेशी आधीच बोलून ठेवा.

त्याच कॉपीत 41D समोर ANY BANK BY NEGOTIATION असतं. म्हणजे विक्रेता त्याच्या बँकेत कागद देतो, ते एलसीप्रमाणे बरोबर असले तर ती बँक ते विकत घेते आणि व्याज कापून पैसे त्याला आधीच देऊन टाकते, मग 8 जूनला आपल्या बँकेकडून वसूल करते. तुमची उधारी तशीच राहते, त्याला मात्र पैसे मिळालेले असतात. हे कापलेलं व्याज कोणी भरायचं ते एलसीत नीट लिहून घ्या, नाहीतर नंतर वाद होतो.

आता खरी गोम. एलसीत शेवटची शिपमेंट तारीख, म्हणजे 44C, 8 मार्च होती आणि बीएलवर 10 मार्च आली. दोनच दिवस, मशीन तेच, पण बँकेच्या दृष्टीने ही डिस्क्रेपन्सी. एलसीचे नियम यूसीपी 600 मध्ये आहेत, 2007 पासून लागू, आणि त्यात बँक फक्त कागद बघते, माल बघत नाही. अशा वेळी विक्रेत्याची बँक बहुतेकदा पैसे न देता कागद नुसते पुढे पाठवते. कागद हातात पडल्यावर तपासून नाकारायला आपल्या बँकेकडे जास्तीत जास्त पाच बँकिंग दिवस असतात, आणि सगळ्या चुका एकाच नोटिशीत सांगायच्या असतात. आज एक, परवा दुसरी असं चालत नाही. त्यामुळे तुम्हाला विचारलं की "पार्टनर गावाला गेलाय, सोमवारी सांगतो" करू नका, तुमच्या उत्तरासाठी पाच दिवसांची मुदत वाढत नाही.

उत्तर काय द्यायचं? माल हवाच असेल तर बहुतेक जण डिस्क्रेपन्सी मान्य करतात, हरकत नाही, पण मान्य करण्याआधी विक्रेत्याला एक मेल टाका. त्याचे पैसे अडकलेत, दोन दिवसांच्या उशिराबद्दल थोडी सूट मागायची हीच वेळ, सही झाली की ती संधी गेली. आमचं मत विचाराल तर किरकोळ चुकीवर फार ताणू नये, कारण मूळ बीएल बँकेत पडून, डिलिव्हरी ऑर्डर मिळत नाही आणि कंटेनरचे फ्री दिवस संपले की डिटेन्शन, म्हणजे कंटेनर अडकवल्याचा आकार, चढायला लागतं. सूट राहते बाजूला, वरून खर्च. शिवाय घासाघीस कितीही लांबली तरी 8 जून पुढे सरकत नाही.

अजून एक, कागद आले नाहीत पण जहाज आलंय म्हणून बँकेकडून शिपिंग गॅरंटी, म्हणजे मूळ बीएलशिवाय माल सोडावा म्हणून जहाज कंपनीला दिलेली हमी, घेऊन माल सोडवलात तर नंतर कागदात काहीही चूक निघाली तरी नाकारता येत नाही, बँक तसं आधीच लिहून घेते. घाईत लोक हे वाचतच नाहीत.

आणि मान्य केल्यावर मशीन उघडलं, मोटर खराब निघाली तर? 8 जूनला पैसे जाणारच, थांबवायला सांगून बँक थांबणार नाही, फसवणूक असेल तर कोर्टात जावं लागतं आणि तेही सोपं नाही. म्हणून मालाची भीती असेल तर एलसी उघडतानाच तिसऱ्या संस्थेचं इन्स्पेक्शन सर्टिफिकेट कागदांच्या यादीत घाला. नंतर घालायला विक्रेत्याची संमती लागते, आणि तो ती कशाला देईल?

बँकेचं पत्र आलं की त्याचा आणि एलसीचा फोटो त्याच दिवशी आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा, मान्यतेच्या सहीच्या आधी.