स्कूटरचा ब्रेक लाइट न लागणे

स्कूटरचा ब्रेक दाबल्यावर मागचा तांबडा दिवा प्रखर न होणे हा विद्युतमंडलातील दोष. बॅटरी, फ्यूज, ब्रेक लिव्हरजवळचा स्विच, तेथून मागे जाणारी तार, तारा जोडणारा कपलर, बल्बचा होल्डर, बल्ब आणि करंट परत नेणारी अर्थ या साखळीतील कोणतीही एक कडी तुटली, तरी बाहेरून दोष सारखाच दिसतो. चालकाची पाठ दिव्याकडे असल्यामुळे तो अनेकदा बराच काळ लक्षात येत नाही. प्रस्तुत नोंद मुख्यतः दोन्ही ब्रेक हातात असलेल्या, विनागिअर, बल्बच्या स्कूटरविषयी आहे.

मोटारींवर ब्रेकशी जोडलेला मागचा इशारा विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत आला, असे सामान्यतः मानतात. त्याचे श्रेय मूकपटांतील अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स यांना पुष्कळदा दिले जाते. मात्र त्यांची म्हणून सांगितली जाणारी रचना दिव्याची नसून ब्रेक दाबताच वर येणाऱ्या पाटीची होती आणि तिचे पेटंट त्यांनी घेतले नव्हते. त्यामुळे विजेच्या ब्रेक लाइटचा उगम एका व्यक्तीशी न जोडणे अधिक सयुक्तिक वाटते. स्कूटरवर तो उशिरा आला. १९४६ च्या पहिल्या व्हेस्पावर मागे केवळ टेल लाइट होता. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०२ ब्रेक लाइटविषयी आहे.

पुण्याजवळ आकुर्डीला तयार झालेल्या व्हेस्पा घराण्यातील जुन्या गिअरच्या स्कूटरवर मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असे व स्विचही त्या पेडलशीच जोडलेला असे. पुढच्या ब्रेकला बहुधा स्विच नसे, म्हणून केवळ हाताचा ब्रेक दाबल्यास मागे दिवा लागत नसे. हा दोष नव्हे, ती रचनाच तशी होती. या घराण्यात स्विचचे दोन प्रकार आढळतात. एकात पेडल दाबल्यावर संपर्क जुळतो. दुसऱ्यात, विशेषतः बॅटरी नसलेल्या काही मॉडेलांत, संपर्क एरवी जुळलेला असतो व करंट बल्बला वळसा घालून जातो. पेडल दाबले की संपर्क सुटतो आणि करंटला बल्बमधूनच जावे लागते. दोन्ही स्विच बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. चुकीचा बसवला की दिव्याचे वागणे उलटे होते आणि मेकॅनिक तासभर वायरिंग धुंडाळत राहतो. जुनी स्कूटर पुन्हा उभी करताना आधी स्विचचा प्रकार पाहावा.

दोन्ही ब्रेक हातात असलेल्या विनागिअर स्कूटर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून भारतात रुळल्या आणि स्विच हँडलवर आले. प्रत्येक लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. लिव्हर सैल असताना तो स्विचची दांडी आत दाबून ठेवतो व संपर्क तुटलेला राहतो. लिव्हर ओढला की दांडी स्प्रिंगने बाहेर येते आणि संपर्क जुळतो. म्हणजे स्विच खोलून हातात घेतला, तर त्याचा संपर्क जुळलेला असायला हवा. दांडी चिखलाने आतच अडकली तर दिवा लागत नाही. ती झिजली किंवा लिव्हर नीट परतला नाही, तर दिवा कायम पेटलेला राहतो.

दोन्ही स्विच समांतर जोडलेले असल्यामुळे पहिली कसोटी हत्यारांशिवाय होते. डाव्या लिव्हरने दिवा लागतो आणि उजव्याने नाही, तर बल्ब, होल्डर व मागची तार निर्दोष आहेत. दोष उजव्या स्विचचा किंवा त्याच्या दोन तारांचा. दोन्हींनी लागत नसेल, तर दोन्ही स्विच एकाच वेळी गेले असण्यापेक्षा दोष सामाईक भागात असण्याचा संभव बराच अधिक.

दुसरी कसोटी सेल्फची. बहुतेक विनागिअर स्कूटरमध्ये ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही, आणि सेल्फच्या रिलेला मिळणारा करंट याच ब्रेक स्विचमधून जातो. ब्रेक दाबून सेल्फ फिरत असेल, तर बॅटरी, फ्यूज आणि तो स्विच शाबूत आहेत. मग हँडलवरचे प्लास्टिक उघडण्याचे कारण उरत नाही. दोष सेल्फची शाखा फुटल्यानंतरच्या तारेत, कपलरमध्ये, होल्डरमध्ये, बल्बमध्ये किंवा अर्थमध्ये शोधायचा. गॅरेजमध्ये सवयीने आधी स्विच बदलला जातो. या कसोटीनंतर तो खर्च बहुधा टळतो.

टेल लाइट लागतो म्हणून बॅटरी ठीक, असा निष्कर्ष मात्र धोक्याचा आहे. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना दिवसाही हेडलाइट चालू ठेवण्याची सक्ती झाली. त्यापूर्वीच्या अनेक स्कूटरमध्ये हेडलाइट व टेल लाइट इंजिन चालू असताना थेट इंजिनवर वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती करंटवर जळत, तर ब्रेक लाइट, हॉर्न आणि इंडिकेटर बॅटरीवर चालत. बॅटरी मेलेली स्कूटर किक मारून महिनोन्‌महिने वापरली जाते. तिचा टेल लाइट छान दिसतो, ब्रेक लाइट मात्र अजिबात लागत नाही. अशा वेळी हॉर्नही घोगरा किंवा बंद असतो, ही ओळखीची खूण.

बल्ब सर्वसाधारणपणे १२ व्होल्ट २१/५ वॅटचा. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात. ५ वॅटची टेल लाइटसाठी व २१ वॅटची ब्रेकसाठी. टेल लाइट जळतो म्हणजे बल्ब चांगला, असे म्हणता येत नाही, कारण दोन्ही फिलामेंट स्वतंत्र असतात. या बल्बच्या बुडाचे नाव बीएवाय १५डी. १५ हा मिलिमीटरमधील व्यास. बाजूच्या दोन खिळ्या मुद्दाम वेगवेगळ्या उंचीवर असतात, म्हणजे बल्ब उलटा बसू नये. समान उंचीच्या खिळ्यांचा दुसरा बल्ब जोर लावून बसवल्यास फिलामेंटची अदलाबदल होऊ शकते. मग टेल लाइट सतत प्रखर राहतो, ब्रेक दाबल्यावर जेमतेम फरक पडतो, आणि कायम जळणाऱ्या २१ वॅटच्या उष्णतेने होल्डर व तांबडी काच वितळू लागते.

होल्डरमध्ये स्प्रिंगवर बसवलेले दोन संपर्क बल्बच्या बुडावरील शिशाच्या ठिपक्यांना टेकतात. उष्णतेने स्प्रिंग मऊ पडते, ठिपके चपटतात, पावसाच्या पाण्याने गंज चढतो. बल्ब किंचित दाबून फिरवला आणि दिवा लागला, तर दोष इथेच. संपर्क पॉलिश पेपरने घासणे हा तात्पुरता इलाज आहे. मेलेली स्प्रिंग पुन्हा दोष देतेच, म्हणून होल्डर बदलणे इष्ट.

बल्बच्या धातूच्या बुडातून दोन्ही फिलामेंटचा करंट एकाच अर्थने परत जातो. ही अर्थ पूर्ण तुटली तर एक चमत्कारिक लक्षण दिसते. टेलचे दिवे बंद असताना ब्रेक दाबला, तर करंट ब्रेकच्या फिलामेंटमधून बुडापर्यंत येतो, वाट न मिळाल्याने टेलच्या फिलामेंटमधून उलटा जातो आणि स्पीडोमीटरच्या दिव्यातून अर्थ गाठतो. ब्रेक दाबताच स्पीडोमीटरचा दिवा मंद उजळत असेल, तर बल्ब बदलण्याआधी होल्डरची अर्थ तार तपासावी.

तारेतील दोष शोधताना मल्टिमीटर फसवतो, हा मुद्दा दुरुस्तीच्या लेखनात फारसा येत नाही. मीटर स्वतः जवळजवळ करंट घेत नाही, म्हणून गंजलेल्या, एका धाग्यावर टिकलेल्या जोडातूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. २१ वॅटच्या बल्बला सुमारे १.७५ अँपिअर लागतात. तेवढा भार पडला की त्याच जोडावर व्होल्टेज गळून जाते. म्हणून मोजणी बल्ब बसवून व ब्रेक दाबूनच करावी, किंवा २१ वॅटचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प वापरावा.

उदाहरणार्थ, पावसाळ्यानंतर आलेली ११० सीसीची स्कूटर घेऊ. दोन्ही लिव्हरनी सेल्फ लागतो, हॉर्न खणखणीत आहे, नवा बल्ब घालूनही ब्रेक लाइट लागत नाही. रिकाम्या होल्डरच्या ब्रेक संपर्कावर मीटर १२.३ व्होल्ट दाखवतो. बल्ब बसवून ब्रेक दाबल्यावर तोच आकडा १.८ वर येतो. बल्बचे बूड आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात केवळ ०.१ व्होल्ट आहे, म्हणजे अर्थ चांगली. आता मीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवून लाल तार ब्रेकच्या तारेवरून पुढून मागे सरकवायची. होंडा पद्धतीच्या वायरिंगमध्ये ही तार हिरवी, पिवळ्या पट्ट्याची असते व अर्थची नुसती हिरवी. सीटखालच्या कपलरच्या अलीकडे १२.१ व्होल्ट मिळतात, पलीकडे १.९. म्हणजे दहा व्होल्टांहून अधिक कपलरच्या एका पिनेवर खर्च होत आहेत. ब्रेक थोडा वेळ दाबून धरला की कपलर हाताला गरम लागतो. उघडल्यावर पिनेवर तांब्याचा हिरवा गंज दिसतो. पिन कापून नवी दाबून बसवायची. तार आतून काळी पडली असेल, तर चकाकते तांबे दिसेपर्यंत मागे कापावी लागते. दुरुस्तीनंतर कपलरच्या दोन्ही बाजूंत एक-दोन दशांश व्होल्टांपेक्षा जास्त फरक राहू नये.

स्विचवरच संशय असेल, तर त्याच्या दोन तारा जोडतारेने एकमेकींना जोडून पाहता येतात. मध्ये बल्ब असल्यामुळे करंट मर्यादित राहतो व त्यात धोका नसतो. मात्र त्यांतील बॅटरीकडची तार बॉडीला टेकली तर फ्यूज उडतो. फ्यूज वारंवार उडत असल्यास मागच्या सीटच्या पट्टीखाली किंवा मडगार्डजवळ घासून सोललेली तार शोधावी. मोठा फ्यूज घालू नये.

एलईडी टेल लाइटला वरील विवेचन अंशतःच लागू पडते. त्यात सुटा बल्ब नसतो. ब्रेक दाबून कपलरवर भारासह १२ व्होल्ट व चांगली अर्थ मिळूनही दिवा लागत नसेल, तर सहसा पूर्ण युनिट बदलतात. एलईडी काही मिलिअँपिअरवरही उजळतो. त्यामुळे ब्रेक न दाबताही पावसात मागचा दिवा मंद तांबडा दिसत राहिला, तर युनिटपेक्षा ओल शिरलेला लिव्हरचा स्विच आधी उघडून सुकवावा.