निम्मी शक्ती आतच जळते: याकोबीच्या नियमाची पार्श्वभूमी

बॅटरीला बदलता रोध जोडायचा, तो हळूहळू कमी करत न्यायचा आणि रोधकात खर्च होणारी शक्ती मोजायची, हा प्रयोग पदवीच्या प्रयोगशाळेत बहुतेकांनी केलेला असतो. शक्ती वाढत जाते, एका टोकाला पोचते आणि मग घटू लागते. ते टोक नेमके तिथे येते जिथे बाहेरचा रोध बॅटरीच्या अंतर्गत रोधाइतका होतो. आलेख छान येतो, वहीत निष्कर्ष लिहिला जातो, आणि विषय तिथेच मिटतो. पण एकोणिसाव्या शतकात हेच वाक्य, म्हणजे याकोबीचा नियम, चाळीसेक वर्षे चुकीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून वापरले गेले. मोटार आणि डायनामो बनवणाऱ्यांना त्याचा बराच त्रास झाला.

सुरुवात ओहमपासून करावी लागते. बॅटरीला स्वतःचा रोध असतो ही कल्पनाच त्याच्या मोजमापांतून घट्ट झाली. गेओर्ग ओहम तेव्हा कोलोनमध्ये शाळेत शिकवत होता. १८२५ मध्ये त्याने व्होल्टाच्या घटांवर प्रयोग केले, पण हे घट भलतेच चंचल. परिपथ जोडला की करंट उसळे आणि लगेच ढासळू लागे, त्यामुळे दोन वाचनांची तुलनाच करता येईना. भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फने त्याला सुचवले की घट सोडून दे आणि तापयुग्म वापर. बिस्मथ आणि तांबे यांचा एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला की विद्युतदाब लहान मिळतो, पण तो स्थिर राहतो. १८२६ मध्ये ओहमने या मांडणीला २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच लांबीच्या आठ तांब्याच्या तारा आळीपाळीने जोडल्या आणि टांगलेल्या चुंबकसुईचा पीळ मोजला. आकड्यांवरून त्याला हे सूत्र मिळाले:

X = a / (b + x)

X म्हणजे सुईच्या पिळावरून मोजलेला करंट, x म्हणजे जोडलेल्या तारेची लांबी, a म्हणजे स्रोताचा जोर. मला या सूत्रात नेहमी b महत्त्वाचा वाटतो. तारेची लांबी शून्य केली तरी b उरतोच, कारण तो तारेचा नाही, उरलेल्या परिपथाचा आहे, म्हणजे मुख्यतः स्रोताचा. ओहमच्या मांडणीत तो सुमारे वीस इंच तारेइतका निघाला. याचा अर्थ त्याची १८ इंची तार जवळजवळ ‘जुळलेली’ होती, फक्त त्याला त्याचे काही पडले नव्हते. तो करंट मोजत होता, शक्ती नव्हे. रोधकात उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात निघते हे जूलने १८४१ मध्ये मांडले, त्याआधी शक्तीचा हिशेब या भाषेत करताच येत नव्हता.

तरी याकोबीला तो करावा लागला, कारण त्याला होडी चालवायची होती. मोरिट्झ याकोबी हा गणितज्ञ कार्ल याकोबीचा थोरला भाऊ. १८३४ मध्ये त्याने फिरणारी विद्युतमोटार बनवली. पुढे तो रशियाला गेला. झार निकोलस पहिला याच्या सरकारने पैसे दिले आणि १८३८-३९ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या नेवा नदीत त्याने डझनभर माणसे बसवलेली होडी बॅटरीवर चालवून दाखवली. पहिल्या वर्षी डॅनिएलचे घट होते, दुसऱ्या वर्षी ग्रोव्हचे जस्त-प्लॅटिनमचे, आणि त्यामुळे घटांची संख्या बरीच कमी झाली. होडी चालली, पण रमतगमत.

याच खटाटोपातून १८४० च्या सुमारास त्याचा नियम आला. मूळ विधान रोधकाबद्दल नव्हते, मोटारीबद्दल होते. मोटार अडवून धरली की करंट सर्वांत जास्त असतो, पण काम शून्य. मोटार मोकळी सोडली की ती वेग घेते, स्वतःच उलटा दाब निर्माण करते, आणि करंट घटत जातो. बॅटरीचा दाब E, मोटारीचा उलटा दाब e आणि एकूण रोध R मानला, तर यांत्रिक शक्ती e(E − e)/R इतकी होते. ही सर्वांत जास्त केव्हा? e = E/2 असताना, म्हणजे मोटार अडलेली असतानाच्या करंटच्या निम्मा करंट वाहत असताना. त्या क्षणी निम्मी ऊर्जा कामाला लागते आणि निम्मी रोधात उष्णता होऊन जाते. मोटारीऐवजी साधा रोधक ठेवला की तेच गणित ‘बाहेरचा रोध आतल्याइतका’ असे रूप घेते.

त्यासाठी कलन लागत नाही. आता R बाहेरचा रोध आणि r अंतर्गत रोध मानला, तर रोधकातली शक्ती अशी लिहिता येते:

P = E²R/(R + r)² = E² / [ (R − r)²/R + 4r ]

छेदातले (R − r)²/R कधीच ऋण होत नाही आणि R = r असतानाच शून्य होते. म्हणून तिथे छेद सर्वांत लहान, आणि शक्ती E²/4r.

आकड्यांत पाहू. १.५ व्होल्टचा सेल, अंतर्गत रोध ०.५ ओहम. बाहेर ०.५ ओहम लावला तर करंट १.५ अँपिअर, रोधकात १.१२५ वॉट आणि सेलच्या पोटात तितकेच. आता रोध दुप्पट, म्हणजे १ ओहम करा. करंट १ अँपिअर आणि शक्ती १ वॉट. रोध दुप्पट होऊनही शक्ती जेमतेम अकरा टक्क्यांनी घटली, पण सेलमधून निघणाऱ्या ऊर्जेपैकी बाहेर मिळणारा वाटा ५० वरून ६७ टक्क्यांवर गेला. उलट बाजूला ०.२५ ओहम लावला तर करंट २ अँपिअर होतो आणि शक्ती पुन्हा १ वॉटच मिळते. पण या वेळी सेलच्या आत २ वॉट जळतात आणि बाहेरचा वाटा ३३ टक्क्यांवर येतो. बाहेर तोच १ वॉट मिळवण्याचे दोन मार्ग, पण सेलवरचा भार एकाचा दुसऱ्याच्या दुप्पट. ४.५ ओहमला वाटा ९० टक्के होतो, मात्र शक्ती फक्त ०.४०५ वॉट.

टोक असे सपाट असल्यामुळे प्रयोगात त्याची नेमकी जागा आलेखावरून शोधणे कठीण जाते. त्यापेक्षा सोपी खूण आहे: सेलच्या टोकांवरचा व्होल्टेज उघड्या परिपथातल्या व्होल्टेजच्या निम्म्यावर आला की तेच ते ठिकाण. फक्त परिपथ जोडणारे बटण दाबून ठेवू नये, वाचन घेतले की सोडावे. मोठ्या करंटला सेलची रसायने मंदावतात, अंतर्गत रोध सरकतो, आणि रोध कमी करत जाताना काढलेला आलेख परत वाढवत येतानाच्या आलेखाशी जुळेनासा होतो. दोन फेऱ्यांचे टोक वेगवेगळ्या जागी आले तर दोष बहुधा मीटरचा नसतो, सेल दमलेला असतो. ओहमने व्होल्टाचे घट बाजूला ठेवले ते याच दुखण्यापायी.

आता गैरसमजाकडे. याकोबीचा नियम सांगत होता की दिलेल्या बॅटरीतून जास्तीत जास्त शक्ती केव्हा मिळेल. लोकांनी त्याचा अर्थ असा घेतला की निम्म्याहून जास्त ऊर्जा बाहेर मिळूच शकत नाही. त्या काळी हा अर्थ पटणेही सोपे होते, कारण बॅटरीवर चालणारी मोटार मुळातच महाग पडत होती. जूलने १८४१ मध्ये हिशेब मांडला होता: बॅटरीतल्या एक पौंड जस्तातून मिळणारे काम हे उत्तम वाफेच्या इंजिनात एक पौंड कोळशातून मिळणाऱ्या कामाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास, आणि जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग. अशा हिशेबावर ‘निम्मे तर वायाच जाणार’ हे कलम जोडले की विद्युतमोटारीचा निकाल लागल्यासारखा वाटे.

डायनामो आले तेव्हा हा गैरसमज सोबत आला. बाहेरचा रोध यंत्राच्या आतल्या रोधाइतका ठेवायचा, हीच चांगली रचना असे मानणारे होते. १८७९ मध्ये एडिसन आणि त्याचा गणिती सहकारी फ्रान्सिस अप्टन यांनी उलटी वाट धरली. आर्मेचरचा, म्हणजे डायनामोतल्या फिरत्या गुंडाळीचा, रोध होईल तितका कमी आणि दिव्यांचा रोध जास्त, प्रत्येक दिवा शंभराहून अधिक ओहमचा. आतला रोध बाहेरच्या मानाने नगण्य झाला की आत जळणारा वाटाही नगण्य होतो. त्यांनी नव्वद टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमतेचा दावा केला आणि जाणकारांनी तो हसण्यावारी नेला. पण १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर त्यांचे वीजकेंद्र सुरू झाले ते याच विचारावर. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ सिल्व्हेनस थॉम्पसनने १८८४ च्या आपल्या डायनामोवरच्या ग्रंथात जास्तीत जास्त शक्तीचा नियम आणि कार्यक्षमतेचा नियम वेगळे करून मांडले.

माझ्या मते सगळा घोटाळा एकाच गोष्टीचा आहे: तुमच्या हातात कोणता रोध आहे? बॅटरी ठरलेली आणि बाहेरचा रोध बदलता असेल तर R = r. बाहेरचा रोध ठरलेला असेल आणि आतला बदलता येत असेल, तर आतला शून्याकडे न्यावा. तिथे जुळवण्याला काही अर्थच नाही. E²R/(R + r)² मध्ये r कमी करत गेले की P वाढतच जातो, मध्ये कुठे टोक येत नाही. बॅटरीवाल्याला पहिला प्रश्न पडला होता, डायनामो बनवणाऱ्याला दुसरा, आणि उत्तर मात्र दोघांनी एकच वापरले. विसाव्या शतकात टेलिफोन आणि रेडिओवाल्यांनी रोध जुळवणे पुन्हा मानाने आणले ते योग्यच होते. अँटेनाकडून येणारी शक्ती इतकी क्षीण असते की निम्मी गेल्याचे दुःख नसते, मिळेल तितकी जास्त हवी असते, आणि अँटेनाचा रोध आपल्या हातात नसतो.

जुळवणे कुठे अशक्यच असते हे गाडीच्या बॅटरीत दिसते. १२ व्होल्ट आणि ५ मिलिओहम अंतर्गत रोध धरला, तर जुळलेल्या भाराला करंट १२०० अँपिअर जाईल. बाहेर ७२०० वॉट मिळतील आणि बॅटरीच्या आत तितकेच तापतील, टोकांवर उरतील ६ व्होल्ट. स्टार्टर साधारण दीड-दोनशे अँपिअरवर काम उरकतो. दोनशे अँपिअरला आत पडणारा दाब १ व्होल्ट, बाहेर ११ व्होल्ट, आणि वाया जाणारा वाटा आठ टक्के. बॅटरी जुनी होते तशी हे आकडे याकोबीच्या बिंदूकडे सरकतात. अंतर्गत रोध ३० मिलिओहम झाला की दोनशे अँपिअरलाच टोकांवर ६ व्होल्ट उरतात. तेव्हा बॅटरी तिला शक्य असलेली कमाल शक्ती देत असते, म्हणजे १२०० वॉट, आणि इंजिन तरीही सुरू होत नाही.