दोन चॉकलेटं, बावीस सिगारेटी आणि कुणाचंच नुकसान नाही

आमच्या काकांचं एक ठरलेलं वाक्य आहे, 'समोरचा खुश दिसला की समजायचं आपण फसलो.' परवा जुना कूलर विकताना पण हेच. घेणारा हसत हसत घेऊन गेला तर काकांचा दिवसच खराब झाला, खरं तर कूलर दोन वर्षं माळ्यावर पडून होता आणि काकांना पैसे हवे होते. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तोटा हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की साध्या अदलाबदलीत काय होतं ते दिसतच नाही.

ते दिसण्यासाठी माझी आवडती जागा म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मनांचा युद्धकैद्यांचा कॅम्प. रॅडफर्ड नावाचा ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ स्वतः कैदी होता, सुटल्यावर 1945 मध्ये त्याने तिथल्या बाजाराबद्दल लेख लिहिला. रेड क्रॉसची पार्सलं यायची, त्यात जॅम, बटर, बिस्किटं, चॉकलेट, मांसाचे डबे, शिवाय सिगारेटी. वाटप जवळपास सारखं, म्हणजे वरवर बघता एकदम न्याय्य. पण सिगारेट न ओढणाऱ्यालाही सिगारेटी आणि गोड न खाणाऱ्यालाही जॅम! त्यामुळे पार्सल हातात पडल्या पडल्या देवाणघेवाण सुरू.

आता हे जरा जवळून बघू (इथले आकडे माझे आहेत, सोयीसाठी). दोन कैदी, प्रत्येकाकडे 50 सिगारेटी आणि 4 चॉकलेटं. पहिला पक्का सिगारेटवाला, 5 सिगारेटी मिळाल्या तरी एक चॉकलेट सोडायला तयार. दुसरा गोडखाऊ, एका चॉकलेटसाठी 20 सिगारेटीसुद्धा देईल. समजा सौदा 12 वर झाला. पहिल्याला 5 चालल्या असत्या, मिळाल्या 12. दुसरा 20 देणार होता, गेल्या 12. दोघंही खुश आणि फसलं कोणीच नाही. दुसऱ्या चॉकलेटला मात्र गंमत बदलते. पहिल्याकडे आता सिगारेटी जास्त आणि चॉकलेट कमी, म्हणून तो 8 च्या खाली येत नाही, आणि दुसऱ्याची हाव थोडी भागलीये म्हणून तो 15 च्या वर जात नाही. चला, 10 वर मिटलं. तिसऱ्या चॉकलेटला पहिला म्हणतो निदान 11, दुसरा म्हणतो जास्तीत जास्त 11. संपलं. दोघांच्या डोक्यातला भाव एक झाला, आता कुठल्याही भावाने सौदा करा, दोघांचंही एकदम भलं होणार नाही, एकाला वर न्यायचं तर दुसऱ्याला खाली आणावं लागेल.

या अवस्थेला अर्थशास्त्रात परेटो एफिशियन्सी म्हणतात, विल्फ्रेदो परेटो या इटालियन माणसाच्या नावावरून, जो मुळात इंजिनियर होता. आणि बघा, एकूण चॉकलेटं 8 ची 8, सिगारेटी 100 च्या 100, नवीन काहीच बनलं नाही, तरी दोघं आधीपेक्षा सुखी. (चेन मार्केटिंगवाले स्टेजवरून 'विन-विन' ओरडतात ते हे नाही हं, तिथे वरच्याचा पैसा खालच्याच्या खिशातून येतो.)

एक मात्र आहे. पहिला सौदा 12 ऐवजी 6 ला किंवा 19 ला झाला असता तरी दोघांचा फायदाच होता, फक्त कुणाचा किती ते बदललं असतं आणि शेवटी थांबलो असतो तीही जागा वेगळी असती. म्हणजे अशी जागा एक नसते, ढीगभर असतात. सगळं एकाच्याच ताटात आणि दुसऱ्याचं ताट रिकामं, ही पण त्यातलीच एक जागा, कारण रिकाम्या ताटवाल्याला काही द्यायचं तर पहिल्याचं कमी करावं लागणार. म्हणून कोणी 'एफिशियंट' म्हणालं की लगेच 'न्याय्य' असं ऐकू नका.

मग बाजार त्या जागेवर पोचलाय की नाही हे ओळखायचं कसं? एकाच वस्तूला दोन ठिकाणी दोन भाव दिसले की समजायचं, अजून कुणाचा तरी फायदा फुकट पडून आहे. रॅडफर्डच्या कॅम्पमध्ये हिंदुस्थानी कैद्यांचा वेगळा विभाग होता आणि तिथले भाव बाकीच्यांपेक्षा वेगळे होते. एका पठ्ठ्याला उर्दू येत होतं, तो शीख सैनिकांकडून मांसाचे डबे घ्यायचा आणि त्यांना बटर-जॅम विकायचा, मधला फरक आपल्या खिशात. कॅम्पमध्ये एकूणच अशा दलालांबद्दल लोकांचं मत वाईट होतं, काका तिथे असते तर तेही नावं ठेवणाऱ्यांत असते! पण बातमी पसरली, आणखी लोक या धंद्यात शिरले, आणि दोन्हीकडचे भाव जवळ येत गेले. पूर्ण एक मात्र झाले नाहीत, कारण भाषेची अडचण राहिलीच, आणि हिंदुस्थानी विभागात कुणी ओळखीचं असणं शेवटपर्यंत कामाला येत राहिलं.